ऑफिसच्या वस्तूंची नोंदवही आणि सरळ रेषेचा घसारा

सुरत सोडून गाडी अहमदाबादच्या दिशेने निघाली की तापीपलीकडे आधी उत्राण आणि मग कोसाड लागतं. या पट्ट्यात छोटे उद्योग पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बरेच भाड्याच्या गाळ्यातून चालतात. उदाहरणासाठी असंच एक ऑफिस घेऊ. दोन भागीदार साड्यांवर एम्ब्रॉयडरीचं जॉबवर्क घेतात. मशीन दुसऱ्या शेडमध्ये आहेत. ऑफिसात एक लॅपटॉप, एक जुना प्रिंटर, दीड टनाचा एसी, इन्व्हर्टर, त्याची बॅटरी आणि आठ खुर्च्या आहेत. जीएसटीची नोंदणी आहे, हिशेब टॅलीत ठेवले जातात. पण टॅलीत ‘ऑफिस इक्विपमेंट’ या एकाच खात्यावर सगळी खरेदी चढलेली आहे, आणि वर्षअखेरीला आयकराच्या दराने घसारा काढून टाकला जातो.

अशा खात्यातून कोणत्या वस्तूची किंमत किती उरली हे कळत नाही. जुना प्रिंटर भंगारात गेला तरी त्याचे पैसे ताळेबंदात दिसत राहतात. शाळा, पतपेढी किंवा ग्रामपंचायतीत डेडस्टॉक रजिस्टर असतं. त्यात वस्तू आणि नग सापडतात, पण घसारा बहुधा नसतो. आपल्याला या दोन्हींचा मेळ घालायचा आहे: प्रत्येक वस्तूला स्वतःची ओळ आणि त्या ओळीत तिचा स्वतःचा घसारा. खालची कृती २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६, मांडली आहे.

लागणारं साहित्य

खरेदीची बिलं, टॅलीतल्या मालमत्ता खात्यांचे उतारे, मागच्या वर्षीच्या आयकर विवरणाचं घसाऱ्याचं कोष्टक, पुसली न जाणारी लेबलं किंवा ऑइल पेंट, आणि एक्सेल किंवा तसलीच स्प्रेडशीट. कागदी नोंदवहीही चालेल, रकाने तेच राहतात.

पायरी १: काय चढवायचं त्याची मर्यादा ठरवा

एका वर्षापेक्षा जास्त टिकणारी, विकण्यासाठी न आणलेली आणि धंद्यात वापरायची वस्तू ही स्थिर मालमत्ता. या व्याख्येत स्टेपलर आणि कॅल्क्युलेटरही बसतात. त्यांच्यासाठी पाच वर्षं घसारा काढत बसण्यात अर्थ नाही. म्हणून एक रक्कम ठरवा. लहान ऑफिसात पाच हजार रुपये ही मर्यादा सोयीची पडते. तिच्याखालची वस्तू त्याच वर्षी खर्चात टाका.

मर्यादा लावताना एक अडचण येते. खुर्ची साडेतीन हजारांची आहे, पण आठ एकदम घेतल्याने बिल अठ्ठावीस हजारांचं झालं. अशा वेळी पूर्ण संच एक वस्तू समजा आणि नगांचा आकडा ओळीत लिहा. पुढे एक खुर्ची मोडली तर खर्चाचा आणि साठलेल्या घसाऱ्याचा आठवा भाग त्या ओळीतून कमी करता येतो. मर्यादा एकदा ठरली की दोन्ही भागीदारांच्या सहीने नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा. नाहीतर नफा कमी दाखवायच्या वर्षी प्रत्येक वस्तू खर्चात जाते आणि बँकेला ताळेबंद दाखवायच्या वर्षी प्रत्येक वस्तू मालमत्ता होते.

पायरी २: वस्तूपासून सुरुवात करा, खात्यापासून नको

यादी टॅलीवरून करू नका. आधी ऑफिसात फिरा, दिसेल ती वस्तू लिहा, तिचा सिरियल नंबर उतरवून घ्या आणि तिला क्रमांक द्या. क्रमांक साधा ठेवा: संगणकाला ‘सं-०१’, विजेच्या उपकरणाला ‘वि-०१’, फर्निचरला ‘फ-०१’. क्रमांकात जागेचं नाव घालू नका. वस्तू गाळ्यातून शेडमध्ये हलली की क्रमांक खोटा ठरतो. जागेसाठी वेगळा रकाना ठेवा.

लेबल कुठे लावायचं याचाही विचार करा. लॅपटॉपच्या तळाला हवेच्या जाळीपासून दूर, प्रिंटरच्या मागच्या बाजूला, एसीच्या आतल्या युनिटच्या खालच्या कडेला. फिल्टर साफ करताना निघणाऱ्या झाकणावर लावलेलं लेबल झाकण बदललं की जातं. बॅटरीवर कागदी लेबल टिकत नाही, तिथे ऑइल पेंटने क्रमांक लिहा.

यादी झाली की मग ती बिलांशी आणि टॅलीच्या खात्याशी जुळवा. खात्यात आहे पण ऑफिसात नाही अशा वस्तू इथेच हाती लागतात. त्यांचं काय झालं हे शोधून त्या निकालात काढल्याची नोंद आत्ताच करा.

पायरी ३: खर्चाचा खरा आकडा काढा

नोंदवहीत वस्तूची छापील किंमत येत नाही. वस्तू वापरायोग्य होईपर्यंत तिच्यावर झालेला खर्च येतो. एसीचं उदाहरण घ्या. दुकानदाराचं बिल जीएसटी वगळून ३६,००० रुपये. तांब्याची जादा पाइप, बाहेरच्या युनिटचं स्टँड आणि फिटिंग मिळून ४,०००. नोंदवहीत ४०,००० चढतील. पुढच्या वर्षी केलेली सर्व्हिसिंग, गॅस भरणं किंवा देखभालीचा वार्षिक करार हा चालू खर्च आहे, तो वस्तूच्या किमतीत मिळवायचा नाही.

जीएसटीचा नियम सोपा असला तरी चूक इथेच होते. या ऑफिसाने खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घेतलं असेल तर कराची रक्कम नोंदवहीत येणार नाही. क्रेडिट घेतलं नसेल किंवा मिळत नसेल, तर कर खर्चात मिळवा. दोन्ही एकदम करता येत नाही: कराच्या रकमेवर घसारा मागितला तर जीएसटी कायद्याच्या कलम १६(३) नुसार त्या कराचं क्रेडिट जातं.

पैसे कसे दिले हेही लिहा. एकाच विक्रेत्याला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोखीने दिले, तर आयकरासाठी तेवढी रक्कम वस्तूच्या किमतीत धरली जात नाही. जुनं फर्निचर रोखीत घेतलं की हमखास हे होतं. आपल्या नोंदवहीत तो खर्च राहतो, पण आयकराच्या कोष्टकातून तो वगळावा लागतो.

पायरी ४: दोन तारखा लिहा

लॅपटॉपचं बिल १४ जुलै २०२५ चं आहे. त्यात टॅली आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर बसवून तो १८ जुलैला टेबलावर आला. घसारा १८ जुलैपासून सुरू होतो, कारण वस्तू त्या दिवशी वापरायला तयार झाली. तयार झाल्यावर ती काही दिवस पडून राहिली तरी घसारा थांबत नाही.

बिलाची तारीखही तितकीच गरजेची आहे. पुढे वस्तू विकताना जीएसटीचा हिशेब बिलाच्या तारखेपासून मोजतात. त्यामुळे दोन तारखांसाठी दोन रकाने ठेवा.

पायरी ५: सरळ रेषा निवडायची का, हे तपासा

घसारा वस्तूचा बाजारभाव सांगत नाही. वस्तूवर घातलेला खर्च ती ज्या वर्षांत कामाला येते त्या वर्षांत वाटणं, एवढंच त्याचं काम. दुकानातून बाहेर पडताच लॅपटॉपचा भाव पडतो हे खरं, पण ऑफिसला तो पहिल्या वर्षी आणि तिसऱ्या वर्षी साधारण सारखाच उपयोगी पडतो. म्हणून वाटणीही सारखी असावी. सरळ रेषा पद्धतीमागचा विचार एवढाच आहे: खर्चातून शेवटी हाती येणारी मोडीची किंमत वजा करा आणि उरलेल्याला वर्षांनी भागा.

घटत्या शिलकेच्या पद्धतीत दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्का लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी मोठा बोजा पडतो. ४८,००० रुपयांचा लॅपटॉप तीन वर्षांत पाच टक्के किमतीवर आणायचा असेल, तर या पद्धतीचा दर सुमारे ६३ टक्के येतो. पहिल्या पूर्ण वर्षी तीस हजारांवर घसारा आणि तिसऱ्या वर्षी जेमतेम चार हजार. जॉबवर्कचा दर ठरवताना ऑफिसखर्च धरणाऱ्या भागीदारांना यामुळे काम तेच असूनही खर्च खालीवर झालेला दिसतो. वर्षाच्या मध्ये एखादा भागीदार निघाला, तर त्याच्या वाट्याला आलेला नफाही लॅपटॉप कोणत्या वर्षी घेतला यावर अवलंबून राहतो.

निवड करताना प्रत्येक प्रकारच्या वस्तूला एक प्रश्न विचारा: ही वस्तू काळाने संपते की वापराने? संगणक, एसी, खुर्च्या, इन्व्हर्टर काळाने संपतात. कोणी दिवसभर वापरो किंवा अर्धा दिवस, तीन वर्षांनी लॅपटॉप जुना होतोच. त्यांना सरळ रेषा बसते. शेडमधल्या एम्ब्रॉयडरी मशीनचं तसं नाही. ती एका पाळीत चालतात की दोन, यावर त्यांचं आयुष्य ठरतं. म्हणून ही कृती ऑफिसच्या वस्तूंपुरतीच ठेवा आणि मशीनचा निर्णय वेगळा घ्या. दुरुस्तीचा खर्च वर्षागणिक वाढत जातो अशा वस्तूला, जसं जुनं वाहन, घटत्या शिलकेची पद्धत जास्त योग्य ठरू शकते. तिथे घसारा कमी होतो आणि दुरुस्ती वाढते, त्यामुळे दोन्ही मिळून खर्च समतोल राहतो.

एका प्रकारच्या सगळ्या वस्तूंना एकच पद्धत लावा. एका लॅपटॉपला सरळ रेषा आणि दुसऱ्याला घटती शिल्लक असं करू नका.

पायरी ६: आयुष्य आणि मोडीची किंमत ठरवा

कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत वस्तूंची आयुष्यं दिली आहेत: डेस्कटॉप व लॅपटॉप ३ वर्षं, सर्व्हर ६, ऑफिसची उपकरणं ५, फर्निचर १०. मोडीची किंमत मूळ खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत धरतात. भागीदारी संस्थेला ही अनुसूची बंधनकारक नाही, पण सुरुवातीला हाताशी धरायला ती चांगली आहे. तिथून स्वतःच्या अनुभवाने बदल करा आणि कारण लिहून ठेवा.

आपल्या ऑफिसात दोन बदल लागतात. चाकांच्या खुर्च्या दिवसभर वापरल्या जातात, दहा वर्षं टिकत नाहीत. त्यांना सात वर्षं धरू. दुसरा बदल इन्व्हर्टरचा. बिलावर इन्व्हर्टर आणि बॅटरी एकत्र आहेत, पण बॅटरी तीन वर्षांत बदलावी लागते आणि इन्व्हर्टर पाच वर्षं चालतो. दोघांना एकाच ओळीत घातलं, तर बॅटरी बदलताना जुन्या बॅटरीची किती किंमत काढून टाकायची हे सांगता येत नाही. म्हणून दोन ओळी करा. शिवाय जुन्या शिशाच्या बॅटरीला नवी घेताना चांगला मोबदला मिळतो, तिची मोडीची किंमत पाच टक्क्यांहून बरीच जास्त असते. १३,००० च्या बॅटरीला इथे २,२०० धरले आहेत. तुमच्या दुकानदाराला विचारून आकडा घ्या.

पायरी ७: एका वस्तूचा हिशेब हाताने करा

स्प्रेडशीटवर सोपवण्याआधी लॅपटॉपचा हिशेब कागदावर करू.

खर्च ४८,०००. मोडीची किंमत पाच टक्के, म्हणजे २,४००. वाटायची रक्कम ४५,६००. आयुष्य तीन वर्षं, म्हणून वर्षाला १५,२००. पहिल्या वर्षी १८ जुलै ते ३१ मार्च असे दोन्ही टोकं धरून २५७ दिवस येतात. १५,२०० ला २५७ ने गुणून ३६५ ने भागलं की १०,७०२. त्यापुढची दोन वर्षं पूर्ण १५,२००. चौथ्या वर्षी, २०२८-२९ मध्ये, फक्त ४,४९८ उरतात. तेवढे घेतले की शिल्लक किंमत २,४०० वर येते आणि घसारा थांबतो.

बरेच जण या शेवटच्या तुकड्यावर चुकतात. पहिलं वर्ष अपुरं असेल तर तीन वर्षांचा घसारा चार आर्थिक वर्षांत पसरतो. चौथ्या वर्षी पुन्हा १५,२०० घेतले, तर वस्तूची किंमत शून्याखाली जाते. नोंदवहीत एखादी ओळ उणे दिसली की कारण बहुतेक हेच असतं.

पायरी ८: रकाने आणि सूत्रं

रकाने असे ठेवा. A क्रमांक, B वस्तू व सिरियल नंबर, C जागा, D पुरवठादार, बिल नंबर व बिलाची तारीख (स्प्रेडशीटमध्ये तारखेचा उपरकाना वेगळा केला तर उत्तम, पण मग पुढची अक्षरं सरकवा), E वापर सुरू झाल्याची तारीख, F खर्च, G मोडीची किंमत, H आयुष्य वर्षांत, I वार्षिक घसारा, J मागच्या वर्षाअखेरपर्यंत साठलेला घसारा, K यंदाचे दिवस, L यंदाचा घसारा, M शिल्लक किंमत, N विक्रीची तारीख, O आलेली रक्कम. आर्थिक वर्षाची पहिली तारीख R1 मध्ये आणि शेवटची R2 मध्ये लिहा. पहिल्या ओळीत शीर्षकं, दुसरीपासून वस्तू.

```
I2: =SLN(F2,G2,H2)
K2: =MAX(0,MIN($R$2,IF(N2="",$R$2,N2-1))-MAX($R$1,E2)+1)
L2: =ROUND(MIN(I2*K2/($R$2-$R$1+1),F2-G2-J2),0)
M2: =F2-J2-L2
```

L2 मधलं MIN वस्तूला मोडीच्या किमतीखाली जाऊ देत नाही, त्यामुळे मघाची चौथ्या वर्षाची चूक आपोआप टळते. भागाकारात ३६५ ऐवजी वर्षाच्या दोन तारखांतलं अंतर आहे, म्हणून २०२७-२८ हे ३६६ दिवसांचं वर्षही बरोबर येतं. नवीन वर्षी पूर्ण पानाची प्रत करा, J आणि L ची बेरीज J मध्ये आकड्यांच्या रूपात उतरवा आणि R1, R2 बदला. जुनं पान मिटवू नका.

पायरी ९: जुन्या वस्तू आत आणा

प्रिंटर एप्रिल २०२३ मध्ये १६,००० ला घेतला होता. दोन वर्षं आयकराच्या ४० टक्के दराने घसारा काढल्यामुळे १ एप्रिल २०२५ ला पुस्तकात ५,७६० उरले आहेत. आता सरळ रेषेवर येताना मागचे हिशेब उकरायचे नाहीत. लेखामानक १० नुसार घसाऱ्याच्या पद्धतीतला बदल हा अंदाजातला बदल समजतात आणि तो पुढच्या काळालाच लागू होतो.

आजची शिल्लक ५,७६० घ्या. मोडीचे ८०० वजा करा. एकूण पाच वर्षं आयुष्य धरलं तर तीन उरली आहेत. ४,९६० भागिले तीन, म्हणजे वर्षाला १,६५३. नोंदवहीत F मध्ये मूळ १६,००० आणि J मध्ये साठलेला घसारा १०,२४० लिहा. या ओळीत मात्र I2 चं सूत्र चालणार नाही, कारण ते मूळ खर्चावरून आकडा काढतं. तिथे १,६५३ हाताने लिहा. तीन वर्षांच्या पूर्णांकांत एक रुपया मागे राहतो, तो शेवटच्या वर्षी घ्या. पद्धत का आणि कोणत्या तारखेपासून बदलली हे हिशेबाच्या टिपांमध्ये यायला हवं.

पायरी १०: वर्षअखेरची बेरीज आणि नोंद

३१ मार्च २०२६ ला आपल्या ऑफिसची नोंदवही अशी दिसते:

| वस्तू | खर्च | आयुष्य | यंदाचा घसारा | शिल्लक किंमत |
|---|---|---|---|---|
| लॅपटॉप (१८ जुलैपासून) | ४८,००० | ३ | १०,७०२ | ३७,२९८ |
| एसी (१ मेपासून) | ४०,००० | ५ | ६,९७५ | ३३,०२५ |
| इन्व्हर्टर (१ मेपासून) | ९,००० | ५ | १,५६९ | ७,४३१ |
| बॅटरी (१ मेपासून) | १३,००० | ३ | ३,३०४ | ९,६९६ |
| खुर्च्या, ८ नग (१ एप्रिलपासून) | २८,००० | ७ | ३,८०० | २४,२०० |
| प्रिंटर (जुना) | १६,००० | ५ | १,६५३ | ४,१०७ |
| एकूण | १,५४,००० | | २८,००३ | १,१५,७५७ |

टॅलीत जर्नल नोंद करा: घसारा खाते नावे २८,००३, एकत्रित घसारा खाते जमा २८,००३. घसारा थेट मालमत्तेच्या खात्यातून कमी करू नका. मूळ खर्च आणि साठलेला घसारा वेगळे राहिले, तरच नोंदवहीतली खर्चाची बेरीज खात्याशी ताडून पाहता येते. त्या दोन आकड्यांत फरक आला, तर एखादी खरेदी चुकून दुरुस्ती खात्यावर गेली असेल, किंवा विकलेली वस्तू खात्यातून काढायची राहिली असेल. तिथूनच शोध सुरू करा.

पायरी ११: आयकराचं कोष्टक वेगळं ठेवा

या नोंदवहीतला घसारा आयकराला चालत नाही. आयकर कायदा १९६१ च्या कलम ३२ मध्ये वस्तू गटांत जातात आणि घटत्या शिलकेवर दर लागतो: संगणक व प्रिंटर ४० टक्के, साधारण यंत्रं व उपकरणं १५, फर्निचर १०. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झालेल्या नव्या वस्तूला अर्धा दर. २०२५-२६ साठी ही रेषा ३ ऑक्टोबरला पडते: त्या दिवशी वापरात आलेल्या वस्तूला पूर्ण दर, ४ ऑक्टोबरपासून अर्धा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू होतो, गटांची रीत त्यातही राहते.

आपल्या ऑफिसचा आयकराचा घसारा असा येतो: लॅपटॉप १९,२००, प्रिंटर २,३०४, एसी ६,०००, इन्व्हर्टर व बॅटरी ३,३००, खुर्च्या २,८००. एकूण ३३,६०४. उत्पन्नाच्या गणनेत पुस्तकातले २८,००३ आधी परत मिळवा आणि मग ३३,६०४ वजा करा. म्हणजे सरळ रेषा निवडल्याने कर वाढत नाही. अनेक लहान ऑफिसं याच भीतीने पुस्तकातही आयकराचे दर लावतात. संस्था कलम ४४एडीखाली अंदाजे उत्पन्न दाखवत असेल, तर घसाऱ्याची वेगळी वजावट नसते, तरी गटाची शिल्लक दरवर्षी कमी झाली असं मानलं जातं. म्हणून ते कोष्टक तेव्हाही चालू ठेवा.

पायरी १२: विक्री आणि मोड

समजा लॅपटॉपची स्क्रीन गेली आणि २० डिसेंबर २०२६ ला तो १४,००० ला विकला. त्या वर्षी १ एप्रिल ते १९ डिसेंबर असे २६३ दिवस, घसारा १०,९५२. शिल्लक किंमत ३७,२९८ वरून २६,३४६ वर आली. आलेले १४,००० वजा जाता १२,३४६ तोटा. हा तोटा घसाऱ्यात मिसळू नका, वेगळा दाखवा. आयकरात मात्र अशी तोट्याची नोंद होत नाही, ४० टक्क्यांच्या गटातून १४,००० कमी होतात.

विक्रीत जीएसटीही पाहावा लागतो. खरेदीवर १८ टक्के दराने ८,६४० चं क्रेडिट घेतलं होतं. बिलापासून प्रत्येक तिमाहीला पाच टक्के कमी करत गेलं, तर सहा तिमाहींनंतर ६,०४८ उरतात. विक्रीवरचा कर २,५२०. या दोहोंतली मोठी रक्कम भरावी लागते. वस्तू लवकर आणि स्वस्तात विकताना भाव ठरवण्याआधीच हा आकडा काढून सल्लागाराला दाखवा.

विकण्याजोगं काही उरलं नसेल, तर संगणक आणि बॅटरी भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्या आणि पावती त्या ओळीला जोडा. विकलेली किंवा मोडीत काढलेली ओळ पुसू नका, तारीख घालून तशीच राहू द्या.

पायरी १३: वर्षातून एकदा दोन्ही दिशांनी मोजणी

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नोंदवही हातात घेऊन प्रत्येक वस्तू शोधा. मग उलट करा: ऑफिसातली कोणतीही दहा-बारा उपकरणं निवडा आणि ती नोंदवहीत आहेत का ते पाहा. पहिल्या फेरीत हरवलेल्या वस्तू कळतात, दुसरीत न चढवलेल्या. मोजणी करणारा माणूस नोंदवही लिहिणारा नसावा. सिरियल नंबर वाचून पाहा. वॉरंटीत बदलून मिळालेल्या वस्तूचा नंबर वेगळा असतो, आणि पुढे विम्याच्या दाव्यात हाच फरक अडचण करतो.

याच वेळी आयुष्याचे अंदाज तपासा. विकताना दरवेळी तोटा येत असेल, तर आयुष्य जास्त धरलं आहे. मोडीच्या किमतीवर आलेल्या बऱ्याच वस्तू रोज कामात असतील, तर कमी धरलं आहे. बदल करायचा तर उरलेल्या किमतीवर आणि उरलेल्या वर्षांवर करा, जसा प्रिंटरचा केला.

पायरी १४: नोंदवही गाळ्याबाहेरही ठेवा

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. तळमजल्यावरच्या ऑफिसात संगणक आणि कागद एकदमच भिजतात. म्हणून दर महिन्याला नोंदवहीची एक प्रत, बिलांचे आणि सिरियल नंबरच्या पट्ट्यांचे फोटो दुसऱ्या भागीदाराच्या घरी किंवा ऑनलाइन ठेवा.

विमा घेताना मात्र M रकान्यातली शिल्लक किंमत देऊ नका. ३१ मार्चला आपल्या वस्तू पुस्तकात १,१५,७५७ च्या आहेत, पण त्या नव्याने घ्यायला त्याहून बरेच जास्त लागतील. नवी वस्तू घेण्याइतकी भरपाई देणाऱ्या पॉलिसीत विम्याची रक्कम कमी ठेवली, तर दाव्यातही त्याच प्रमाणात कपात होते. यासाठी नोंदवहीला आणखी एक रकाना जोडा, आजच्या बाजारात ती वस्तू केवढ्याला मिळेल याचा, आणि पॉलिसीच्या नूतनीकरणाआधी तो दरवर्षी नव्याने भरा.